मेलवर आलेली कोटेशनं, कम्पॅरेटिव्ह आणि हुकलेली व्हॅलिडिटी

अंबडचा_नट | 24 जून 2025, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. नाशिकला अंबड एमआयडीसीत एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात परचेसला आहे, दीड वर्ष झालं. वरती साहेब, खाली मी, मध्ये कोणी नाही. एक घोळ झालाय. तो नेमका कुठे झाला हे मलाच कळत नाहीये, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

10 एमएमच्या सहा प्लेटा हव्या होत्या, 1500 बाय 6300, म्हणजे साधारण 4450 किलो माल. तीन सप्लायरना मेल टाकला. आमच्याकडे तीन कोटेशनं झाल्याशिवाय फाईल साहेबांच्या टेबलावर जात नाही. आलेली कोटेशनं अशी (जीएसटी सगळ्यांचा वेगळा):

पहिला, याला 'क' म्हणू: 57.60 रुपये किलो, नाशिक पोच, पूर्ण ॲडव्हान्स, व्हॅलिडिटी 7 दिवस. मेल 11 जूनला आला.
दुसरा 'ख': 58.20, नाशिक पोच, 30 दिवस क्रेडिट, व्हॅलिडिटी 5 दिवस. 12 जून.
तिसरा 'ग': 56.50, कळंबोली गोडाऊनहून, लोडिंग 30 पैसे वेगळं, गाडी आपली, ॲडव्हान्स, व्हॅलिडिटी 2 दिवस. 13 जून.

'ग'च्या गाडीभाड्याचे 9,000 धरले तर तो 58.82 ला पडतो. म्हणजे 'क' सर्वात स्वस्त. 13 तारखेला, शुक्रवारी संध्याकाळी, शीटमधून तिघांच्या तुलनेचं कम्पॅरेटिव्ह साहेबांना पाठवलं. साहेब लग्नाला गावी. मंगळवारी 17 ला ओके आलं आणि त्याच संध्याकाळी मी 'क'ला ऑर्डरचा पीओ मेल केला. माझ्या हिशोबाने त्याची व्हॅलिडिटी 18 पर्यंत होती.

18 ला सकाळी त्याचा फोन: "व्हॅलिडिटी 16 लाच संपली, आता 59.80 होईल." 'ख'ला विचारलं तर त्याचीही 17 ला संपलेली, नवीन रेट 58.90. शेवटी त्याच्याकडूनच माल घेतला. साहेब म्हणाले, "शीट कशाला ठेवलंय मग?"

आता खरा प्रश्न. शीटमध्ये मी रंग लावले आहेत. व्हॅलिडिटीला तीन दिवस राहिले की ओळ पिवळी, संपली की लाल. एकही ओळ रंगली नाही. आजही तिन्ही पांढऱ्या आहेत. गूगल शीट्स वापरतो. कुणाला काही सुचतंय का?

हिशोबी | 24 जून, 10:05

सप्लायरने फसवलंय तुम्हाला. व्हॅलिडिटी म्हणजे शब्द असतो. तेवढे दिवस त्याला रेट मागेही घेता येत नाही आणि वाढवताही येत नाही, कायदाच आहे तसा. मेल पुरावा म्हणून चालतो, एक कडक पत्र टाका. आणि कम्पॅरेटिव्ह नेहमी जीएसटी धरून करायचं. नुसत्या बेसिकची तुलना करून काय मिळणार?

पारिजात_अंगणी | 24 जून, 10:22

माझंही अगदी हेच झालं हो! किचन ट्रॉलीचं कोटेशन घेतलं होतं, तो माणूस मापं घेऊन गेला तो गेलाच. महिन्याने आला आणि म्हणे आता प्लायचे भाव वाढले. तुमच्यात कुणी नाशिकचा चांगला ट्रॉलीवाला सांगेल का? स्टीलच्या नकोत, त्यांचा आवाज फार होतो.

जुना_परचेसवाला | 24 जून, 10:50

नट, शांतपणे बघू. सप्लायरला पत्र नंतर टाक, आधी दोन गोष्टी सांग.

एक. 'क'चा मेल 11 ला आला म्हणतोस. मेलमधली पीडीएफ उघड आणि वर उजव्या कोपऱ्यात कोटेशनची तारीख काय आहे ते बघ. व्हॅलिडिटीच्या ओळीत कुठल्या तारखेपासून म्हटलंय तेही वाच.

दोन. ओळ लाल झाली नाही म्हणतोस, पण रंग ज्या आकड्यावर चालतात तो आकडा कुठाय? व्हॅलिडिटीची शेवटची तारीख आणि बाकी दिवस हे कॉलम शीटवर दिसतात, की लपवले आहेस? लपवले असशील तर उघड आणि जे दिसतं ते जसंच्या तसं इथे टाईप कर.

अंबडचा_नट | 24 जून, 11:15

काका, पीडीएफवर तारीख 9 जून आहे. "Validity: 7 days from date of quotation." म्हणजे 16. त्यांनी कोटेशन सोमवारी बनवलं आणि मेल बुधवारी टाकला. मी मेलची तारीख भरली होती. चूक माझीच.

कॉलम लपवलेले होते. साहेबांना एका पानावर प्रिंट हवी असते, म्हणून. उघडले तर हे दिसतंय:

'क': तारीख 11/6/2025, शेवटची तारीख 11/13/2025, बाकी दिवस 142
'ख': तारीख 12/6/2025, शेवटची तारीख 12/11/2025, बाकी दिवस 170
'ग': तारीख 13/6/2025, शेवटच्या तारखेत #VALUE! येत होता म्हणून मी हाताने 15/6/2025 लिहिलं. बाकी दिवसांतही #VALUE! होता, तो पुसून टाकला.

142 दिवस?? हे काय आहे?

पत्राशेड | 24 जून, 11:31

सापडलं. तुझं शीट अमेरिकन आहे.

11/6 म्हणजे तुला 11 जून, पण शीटला 6 नोव्हेंबर. त्यात सात मिळवले की 13 नोव्हेंबर, आणि आजपासून तिथपर्यंत बरोबर 142 दिवस. 12/6 ही त्याच्या लेखी 6 डिसेंबर. 13/6 मात्र त्याला तारीखच वाटली नाही, कारण तेरावा महिना नसतो. ते त्याने साधा मजकूर म्हणून ठेवलं, आणि मजकुरात दिवस मिळवायला गेला की #VALUE!. नीट बघ, 13/6 ही तारीख सेलच्या डाव्या कडेला चिकटलेली असेल आणि बाकीच्या दोन उजव्या कडेला. ही खूण लक्षात ठेव. आपणहून अलाइनमेंट बदललेली नसेल तर खरी तारीख उजवीकडे बसते.

गंमत म्हणजे #VALUE! हीच एक ओळ तुला खरं सांगत होती, आणि तीच तू पुसलीस. :)

उपाय: File मध्ये Settings, तिथे Locale ला India कर. Time zone पण बघून घे, कारण TODAY() त्यावरच चालतं. पण एक सांगून ठेवतो: Locale बदलल्यावर जुन्या तारखा दुरुस्त होत नाहीत. आत 6 नोव्हेंबरच राहतो, फक्त आता 06/11/2025 असा दिसायला लागतो. 13 पासून पुढच्या तारखा मजकूरच राहतात. त्यामुळे मागच्या सगळ्या ओळी पीडीएफ समोर ठेवून पुन्हा टाईप कराव्या लागतील, त्याला पर्याय नाही. मग त्या कॉलमला Data validation लावून "is valid date" निवड आणि चुकीचं भरलं तर नाकारायला सांग.

अंबडचा_नट | 24 जून, 11:44

डावीकडेच आहे!! दीड वर्ष हे शीट चालवतोय. म्हणजे प्रत्येक महिन्याच्या 1 ते 12 तारखेची कोटेशनं... देवा.

जुना_परचेसवाला | 25 जून, सकाळी 7:10

रात्री झोपलो होतो, आता लिहितो. पत्राशेडने सांगितलेलं आधी कर. पण तेवढ्याने तुझं नुकसान टळलं असतं का, हे बघ. पीडीएफवरची तारीख भरून रंग बरोबर लागले असते तर 'क'ची ओळ मंगळवारी 17 ला लाल दिसली असती आणि 'ख'ची पिवळी, आजचा शेवटचा दिवस. तू 'ख'ला 58.20 ने पीओ टाकला असतास. नंतर 58.90 ने घेतलास, म्हणजे किलोमागे 70 पैसे, 4450 किलोचे 3,115 रुपये गेले. ते रंगामुळे वाचले असते, पण तुझ्या नजरेला ती ओळ पडली असती तरच. साहेबांनी 'क'वर टिक केलेली फाईल हातात असताना कोण शीट पुन्हा उघडतं? म्हणून रंगापेक्षा मी दुसऱ्या गोष्टीवर भर देतो.

शीटमधला "सर्वात स्वस्त" हा खाना संपलेल्या कोटेशनला उमेदवारच धरता कामा नये. तुझ्या शीटमध्ये तो नुसता MIN असणार. मेलेला रेटही त्यात पहिला येतो आणि साहेब त्यालाच टिक करतात. त्याऐवजी हे वापर. कॉलम असे समज: A चौकशी क्रमांक, B सप्लायर, C कोटेशन नंबर, D कोटेशनची तारीख, E व्हॅलिडिटीचे दिवस, F शेवटची तारीख, G बाकी दिवस, H आपल्याला पडणारा दर, I स्थिती, J मेलचा माग.

```
F2: =IF(OR(D2="",E2=""),"",D2+E2)
G2: =IF(F2="","",F2-TODAY())
K2: =MINIFS(H$2:H,A$2:A,A2,F$2:F,">="&TODAY(),I$2:I,"OPEN")
```

K मध्ये त्या चौकशीतला, आज जिवंत असलेला सर्वात कमी दर येतो. सगळीच कोटेशनं संपली असतील तर 0 येतो. त्या शून्याला घाबरायचं, त्याचा अर्थ "पुन्हा विचारा" असा आहे. सप्लायरने दिवसांऐवजी सरळ तारीख दिली असेल तर F मध्ये फॉर्म्युल्यावरच ती तारीख टाईप कर.

आता तुझ्या H बद्दल. गाडीभाडं धरलंस ते चांगलं केलंस, पण ॲडव्हान्स आणि 30 दिवस क्रेडिट एकाच तागडीत टाकलेस. तुमच्या बँकेच्या कॅश क्रेडिटचं व्याज किती असेल? 12 टक्के धर, म्हणजे महिन्याला एक. 'क'च्या 57.60 वर ते 58 पैसे होतात, म्हणजे तो खरा 58.18 ला पडत होता. 'ख' 58.20 ला. दोन पैशांचा फरक. 4450 किलोला 89 रुपये. त्यासाठी पैसे आधी मोजायचे आणि गाडी येईपर्यंत वाट बघत बसायचं. पहिल्या दिवशीच 'ख'ला देण्यासारखं होतं ते. हे तुझ्या शीटने साहेबांना दाखवलंच नाही.

हिशोबी, जीएसटीचं तुमचं म्हणणं घरासाठी घेणाऱ्याला बरोबर आहे. कारखान्याला भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणून तो तुलनेत धरत नाहीत. सप्लायर जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतला असेल तर मात्र क्रेडिट नाही, मग त्याचा पूर्ण दर दुसऱ्यांच्या बेसिकसमोर ठेवायचा.

हिशोबी | 25 जून, 9:20

जीएसटीचं मान्य. आमचं दुकान कंपोझिशनमध्ये आहे, म्हणून ती सवय. पण कायद्याचं तुम्ही टाळलंत. समजा नटने 16 च्या आत पीओ दिला असता, तर सप्लायर बांधील होता की नाही?

जुना_परचेसवाला | 25 जून, 10:02

टाळलं नाही, चहा घेत होतो.

मी वकील नाही, पण एका टेंडरच्या भांडणात कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यात. भारतीय करार कायदा, 1872. कलम 6 प्रमाणे प्रस्तावात मुदत दिली असेल तर ती संपली की प्रस्ताव संपला. दिली नसेल तर वाजवी काळ गेला की संपला. इथवर तुमचं माझं एकमत. पण कलम 5 असंही म्हणतं की स्वीकार पाठवला जाण्याआधी प्रस्ताव मागे घेता येतो. म्हणजे "7 दिवस व्हॅलिड" लिहिलं तरी तिसऱ्या दिवशी, तुमचा पीओ जाण्याआधी, त्याने "रेट मागे घेतला" असा मेल केला तर तो करू शकतो. रेट धरून ठेवण्यासाठी तुम्ही त्याला वेगळं काही दिलं असेल तर गोष्ट निराळी. सरकारी टेंडरला अनामत रक्कम घेतात ती याचसाठी, मध्येच पळू नये म्हणून. मेलवरच्या साध्या कोटेशनला तसला लगाम नसतो.

आणि मुदतीत पीओ दिला म्हणजे झालं, असंही नाही. कलम 7: स्वीकार जसाच्या तसा हवा. नट, तुझ्या पीओच्या मागे छापील अटी असतील. त्यात पेमेंट किती दिवसांनी लिहिलंय?

अंबडचा_नट | 25 जून, 10:30

काका... "45 days from receipt of material". सगळ्या पीओवर छापलेलंच आहे. ॲडव्हान्सवाल्याच्याही.

जुना_परचेसवाला | 25 जून, 10:36

मग तो स्वीकार नाही, तुझा उलटा प्रस्ताव झाला. तो "हे मला मान्य नाही" म्हणाला की संपलं. कडक पत्र राहू दे.

कळंबोली_यार्ड | 25 जून, दुपारी 1:15

टेबलाच्या दुसऱ्या बाजूने लिहितो, मी स्टीलचा ट्रेडर आहे. (तुमचा 'ग' मी नाही. असलो तरी सांगणार नाही.)

आमच्या दोन दिवसांच्या व्हॅलिडिटीला परचेसवाले हसतात. पण आमचा माल गोडाऊनला पडलेला असतो आणि त्याच प्लेटा मी एका वेळी चार जणांना कोट केलेल्या असतात. म्हणून खाली लिहितो, "subject to prior sale". ती ओळ तुमच्या शीटमध्ये कुठल्याच कॉलममध्ये जात नाही. व्हॅलिडिटी संपलेली नाही म्हणून तुम्ही निवांत, आणि प्लेटा सकाळीच पनवेलला गेलेल्या. तसंच "rate prevailing on the date of despatch" लिहिलं असेल तर मी तुम्हाला रेट दिलेलाच नाही, अंदाज दिलाय. त्या कोटेशनला शेवटची तारीख टाकण्यात काही अर्थ नाही.

आणि जास्त दिवस मागून घ्या असा सल्ला कोणी देणार असेल तर ऐका: मला 15 दिवस धरून ठेवायला सांगितलंत तर मी किलोला रुपया वर लावतो. मिलने भाव वाढवला तर तो माझ्या अंगावर येतो ना. दोन दिवसांचा रेट हा माझा खरा रेट.

एक गोष्ट मात्र कुणी बोलत नाही. भाव उतरत असतात तेव्हा व्हॅलिडिटीची आठवण कुठल्याच परचेसवाल्याला येत नाही. तेव्हा सगळे "संपलं ते, नवीन द्या" म्हणतात.

जुना_परचेसवाला | 25 जून, 1:40

हे शंभर टक्के खरं. मीही म्हणायचो. :)

या दोन अटींसाठी एक छोटा कॉलम ठेवायचा, "रेट पक्का?" म्हणून, हो किंवा नाही. नाही असेल तर तो दर H मध्ये भरायचाच नाही, शेऱ्यात लिहायचा. H रिकामा असला की MINIFS त्याला मोजत नाही. तीन कोटेशनांच्या नियमासाठी ओळ मात्र राहते.

15 दिवस मागू नयेत हेही मान्य, निदान स्टीलला. त्याऐवजी चौकशीच्या मेलमध्येच दोन तारखा लिहायच्या: कोटेशन अमुक तारखेला दुपारपर्यंत द्या, आणि रेट तमुक तारखेपर्यंत धरा. दिवस नाही, तारीख. नटच्या बाबतीत काय झालं बघा. पहिलं कोटेशन 9 चं, तिसरं 13 चं. तिसऱ्याची वाट बघण्यात पहिल्याच्या सातातले चार दिवस गेले, आणि उरलेल्या तिनातले दोन शनिवार-रविवार. तिघांनाही एकच बंद तारीख दिली असती तर तिन्ही घड्याळं जवळजवळ एकदम सुरू झाली असती. आणि साहेबांच्या प्रिंटवर अगदी वर, मोठ्या अक्षरात: "या कागदावर निर्णय अमुक तारखेपर्यंत". ती तारीख म्हणजे ज्या कोटेशनकडे कल आहे त्याची शेवटची तारीख, उणे एक दिवस. कॉलम लपवलेस तरी ही ओळ लपवायची नाही.

म्हापशाची_मीरा | 25 जून, संध्याकाळी 6:30

मी गोव्यात हॉटेलच्या परचेसला. आमची मासळी आणि भाजी तर सकाळच्या रेटवर चालते, तिथे शीट भरेपर्यंत सुंगटं संपतात. पण चादरी, क्रॉकरी, किचनची मशिनं यांची कोटेशनं मेलवरच येतात, महिना महिना व्हॅलिड असलेली.

आमचा घोळ वेगळा असतो, सुधारित कोटेशनांचा. एका डिशवॉशरची चार कोटेशनं आली, सगळ्या फाईलींचं नाव Quotation.pdf, नंबरही तोच. ऑफिसमधल्या मुलीने शीटमध्ये जुन्या दरावर नवीन दर टाईप केला, व्हॅलिडिटी मात्र जुनीच राहिली. दुसऱ्या वेळी उलटं: नवीन ओळ घातली पण जुनी तशीच चालू ठेवली, आणि जुन्या कोटेशनमध्ये स्टँड धरलेला नव्हता म्हणून तीच स्वस्त दिसली. आमचे साहेब काय म्हणाले असतील ते इथे लिहीत नाही.

आता नियम केलाय. दर बदलला, तारीख बदलली, स्पेसिफिकेशन बदललं, काहीही बदललं तरी नवीन ओळ. कोटेशन नंबरला आम्हीच आर-1, आर-2 जोडतो आणि जुन्या ओळीची स्थिती बदलतो. पुसायचं काहीच नाही. ऑडिटला चार फेऱ्यांत दर कसा खाली आला तेही दिसतं.

अंबडचा_नट | 25 जून, रात्री 8:50

मीराताई, ही I मधली स्थिती कशी ठेवता? मी आता OPEN, REVISED, ORDERED, LOST असे चार पर्याय ड्रॉपडाऊनमध्ये टाकलेत.

आणि J मध्ये मेलची लिंक कशी द्यायची? मी ब्राऊझरमधली ॲड्रेस बारची लिंक चिकटवली, पण साहेबांच्या कॉम्प्युटरवर ती उघडत नाही.

म्हापशाची_मीरा | 25 जून, 9:05

तेच चार पुरेत. EXPIRED ठेवू नका, ते तारखेवरून आपोआप कळतं. हाताने बदलायचं ठेवलंत तर कोणीतरी विसरणारच.

पत्राशेड | 25 जून, 9:48

जीमेलची ती लिंक तुझ्या लॉगिनपुरती असते. दोन उपाय. सोपा: पीडीएफ सामायिक ड्राइव्ह फोल्डरमध्ये सेव्ह कर, नाव बदलून, आधी तारीख मग सप्लायर, आणि फाईलची लिंक J मध्ये. दुसरा, मेलच सापडायला हवा असेल तर: मेल उघडून तीन टिंबांतून Show original घे, तिथे Message ID दिसेल. तो J मध्ये ठेव. मग ज्याला ज्याला तो मेल आला आहे त्याने आपल्या जीमेलच्या सर्चमध्ये हे टाकायचं:

```
rfc822msgid:इथे-तो-आयडी
```

नेमका तोच मेल येतो. अर्थात साहेब सीसीमध्ये असायला हवेत. चौकशीच्या मेलमध्ये एक सामायिक खरेदीचा आयडी सीसीला ठेव आणि "रिप्लाय ऑल करा" असं लिही. तरी अर्धे लोक तुला एकट्यालाच उत्तर देतील, ते वेगळं.

आणि रोज शीट उघडायचा कंटाळा असेल तर Extensions मध्ये Apps Script उघडून हे टाक. टॅबचं नाव Quotes असायला हवं, आणि कॉलम काकांनी सांगितलेत तसेच.

```
function validityMail() {
  const rows = SpreadsheetApp.getActive()
    .getSheetByName('Quotes').getDataRange().getValues().slice(1);
  const due = rows.filter(r => typeof r[6] === 'number' &&
    r[6] >= 0 && r[6] <= 2 && r[8] === 'OPEN');
  if (due.length) MailApp.sendEmail(
    Session.getEffectiveUser().getEmail(), 'Validity',
    due.map(r => r[0] + ' | ' + r[1] + ' | ' + r[6]).join('\n'));
}
```

एकदा हाताने चालवून परवानगी दे, मग डावीकडे घड्याळाच्या चिन्हात रोजचा ट्रिगर लाव, सकाळी 8 ते 9. आज, उद्या किंवा परवा संपणारी चालू कोटेशनं मेलवर येतील. G चा फॉरमॅट Number असू दे. चुकून Date झाला तर स्क्रिप्टला तिथे आकडा दिसत नाही आणि मेल गपचूप येत नाही. आणि "मेल आला नाही" याचा अर्थ "काही संपत नाही" असाही होतो आणि "स्क्रिप्ट बंद पडली" असाही. म्हणून मी स्वतः एक खोटी ओळ ठेवतो, सप्लायर 'चाचणी', F मध्ये `=TODAY()+1`, I मध्ये OPEN. चौकशी क्रमांक तिला वेगळाच द्यायचा. तिच्यामुळे रोज एक तरी ओळ येते. ज्या दिवशी तीही आली नाही त्या दिवशी बघायला जायचं.

हिशोबी | 25 जून, 10:15

व्हॅलिडिटी लिहिलेलीच नसेल तर? आमच्याकडे अर्धे लोक लिहीत नाहीत. काकांच्या फॉर्म्युल्यात F रिकामा राहतो आणि ते कोटेशन K मध्ये येणारच नाही. चांगला रेट असला तरी गायब.

जुना_परचेसवाला | 25 जून, 10:31

हो, गायबच होतं, आणि मला ते तसंच आवडतं. रिकामा F म्हणजे सप्लायरला एक ओळीचा मेल: "हा रेट कुठल्या तारखेपर्यंत?" उत्तर आलं की ओळ जिवंत.

म्हापशाची_मीरा | 25 जून, 10:40

मला नाही पटत काका. आम्ही आपणच 7 दिवस गृहीत धरतो आणि सेलला निळा रंग देतो. प्रत्येकाला मेल टाकत बसलो तर सीझनमध्ये कामं कधी करायची?

जुना_परचेसवाला | 25 जून, 10:44

क्रॉकरीला चालेल ते, स्टीलला नाही. त्याउपर ज्याची त्याची फॅक्टरी.

अंबडचा_नट | 28 जून, रात्री 9:15

अपडेट. Locale बदललं आणि 1 एप्रिलपासूनच्या ओळी पीडीएफ समोर ठेवून पुन्हा भरल्या. दोन संध्याकाळी गेल्या. 63 ओळींत 26 तारखा उलट्या होत्या. त्यातल्या नऊ कोटेशनांत मेलची तारीख आणि कोटेशनची तारीखही वेगळी निघाली, एकात तर सहा दिवसांचा फरक. छापील 45 दिवसांची अट आता ॲडव्हान्सच्या पीओवरून काढायची, असं अकाउंट्सने कबूल केलंय. साहेबांच्या प्रिंटवर "निर्णय या तारखेपर्यंत" आलंय. त्यांनी ती ओळ बघितली, काही बोलले नाहीत, पण त्याच दिवशी सही केली.

एक मात्र अडलंय. "7 दिवस" म्हणजे कोटेशनचा दिवस धरून की सोडून? D2+E2 मध्ये तो सोडून मोजला जातो. 'क' आणि 'ख'च्या बाबतीत ते जुळलं, पण सगळे तसंच मोजतात का? म्हणून नेहमीच्या तीन सप्लायरना मेल करून विचारलं.

एक म्हणाला धरून. एक म्हणाला सोडून. तिसऱ्याने लिहिलंय, "आधी ऑर्डर द्या, मग मोजू."

कळंबोली_यार्ड | 28 जून, 9:32

तिसरा मी.

पारिजात_अंगणी | 28 जून, 9:50

ट्रॉलीवाल्याचं कुणी सांगितलंच नाही.